गोळीच्या जागी पावडर

माझ्या भावाचं नाव पंकज भिंगारदिवे. मिरजगावच्या हायस्कुलात तो पी.टी. शिकवायचा. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. लहान-थोर सगळे 'पीटीसर' म्हणायचे. त्याच्या मुलींचा कबड्डीचा संघ सलग तीन वर्षं जिल्ह्यापर्यंत गेला होता. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे माझी बारावी, बी.एस्सी. आणि पुण्याचं वसतिगृह हे सगळं दादाच्या पगारावर झालं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली बाई मीच. ही गोष्ट मी आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते या एका गोष्टीमुळेच घडलं, असं मला वाटतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता. महिनाभर तो असाच होता. शाळेत जायचा, पण मैदानावर खुर्ची टाकून बसायचा. शिट्टी गळ्यात असायची, ती तोंडाला लावायचं त्याच्या जिवावर यायचं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण दोन घासांचं. आई म्हणायची, "काय झालंय त्येच त्याला सांगता येत न्हाई. कुनी काय बोललं का म्हनलं तर न्हाई म्हनतोय."

शाळेतल्या बन्सीमामांनी, म्हणजे शिपायांनी, त्याला नगरला नेलं. मीही बरोबर गेले. बन्सीमामांच्या मेहुण्याला तिथल्या डॉक्टर मेहताब तांबोळींकडे गुण आला होता. पन्नाशीतले शांत गृहस्थ. पेशंट बोलत असताना ते लिहायचे नाहीत, तो गेल्यावर लिहायचे. त्यांनी दादाला उदासीनतेवरच्या इमिप्रामिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, "पहिले तीन आठवडे काही वाटणार नाही. उलट त्रासच होईल. तरी थांबायचं नाही. आणि बरं वाटायला लागलं की तर मुळीच थांबायचं नाही. बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने."

फेब्रुवारीत दादा परत मैदानावर उभा राहिला. मार्चमध्ये त्याने मला पत्र पाठवलं, त्यात मुलींच्या संघाची सगळी नावं लिहून प्रत्येकीची चढाई कशी सुधारलीय ते कळवलं होतं. मी ते पत्र वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले.

पण गोळ्यांचा त्रास होताच. तोंड इतकं कोरडं पडायचं की शिट्टी वाजवण्याआधी त्याला पाण्याची गुळणी करावी लागे. शौचाला होत नसे. घाम फार यायचा. आणि एकदा शिक्षकांच्या खोलीत त्याच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी खाली पडली. एका सरांनी ती उचलली, नाव वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "झोपेच्या का डोक्याच्या?" दादाने पट्टी घेऊन पिशवीत टाकली. त्या दिवसापासून तो पट्टी घरी आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवायला लागला.

त्या वर्षी मी पुण्यात बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. स्नायूंतली ऊर्जा हा विषय मला आवडायचा. पेशीला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. अचानक जास्त काम पडलं की एटीपी भराभर संपतं, तेव्हा ते पुन्हा तयार करायला फॉस्फोक्रिएटिन धावून येतं. चढाईला गेलेली मुलगी पहिले काही सेकंद ज्या जोरावर सुटते, तो जोर बराचसा याचा. हे शिकताना मला दादाचं मैदान डोळ्यांसमोर दिसायचं.

एप्रिलमध्ये ग्रंथालयात मला एक परदेशी शोधनिबंध सापडला. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात माणसाला झोपवून मेंदूतलं फॉस्फोक्रिएटिन मोजता येतं, हे मला माहीत होतं. त्या लोकांनी ते उदासीनतेच्या आजारातल्या माणसांचं मोजलं होतं. वीस-बावीस माणसं होती. ज्यांचा आजार जास्त, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ते कमी भरलं; ज्यांचा सौम्य, त्यांच्यात त्यापेक्षा जास्त. मी शोधत गेले. आणखी दोन-तीन निबंध मिळाले. कुणाला मेंदूच्या दुसऱ्या भागात ऊर्जेचे पदार्थ कमी सापडले होते, तर कुणी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यातलं क्रिएटिन तपासलं होतं.

त्याच सुमारास आमच्या वर्गातला एक मुलगा व्यायामशाळेत जायचा. तिथे ऑलिंपिकमधले धावपटू घेतात म्हणून एक पांढरी पावडर आली होती. डब्यावर लिहिलं होतं: क्रिएटिन.

क्रिएटिनपासूनच फॉस्फोक्रिएटिन बनतं; माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने. दादाच्या मेंदूत जे कमी आहे ते दुकानात मिळतं, आणि ते मला कळलंय. त्या नगरच्या डॉक्टरांनाही नाही, मला.

एक गोष्ट मी कबूल केली पाहिजे. त्या निबंधांच्या शेवटी लिहिणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की, हे आजाराचं कारण आहे की आजाराचा परिणाम ते सांगता येत नाही, आणि माणसं थोडी आहेत. मी ते वाचलं होतं. वाचलं नाही असं नाही. पण शास्त्रज्ञ शेवटी असं लिहितातच, ती एक रीत आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि तिथे एकाही निबंधात त्या आजाऱ्यांना कुणी क्रिएटिन खायला दिलेलं नव्हतं. फक्त मोजलं होतं. तेही मला दिसत होतं.

मे महिन्यात मी डबा घेऊन घरी गेले.

दुपारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. मी वहीत चित्र काढून दादाला समजावलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मी बोलायला लागले की तो नेहमीच असा ऐकायचा, जणू काही मी त्याची परीक्षा घेतेय.

"म्हणजे मैदानावर दम संपतो तसा डोक्यातला संपतो?" त्याने विचारलं.

"तसंच काहीसं."

"आणि ही त्याची भर?"

"हो. शरीरात आपोआप तयार होतच असतं हे. मटण-मासळीत असतं. विष नाही काही."

तो डबा हातात घेऊन फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग त्या गोळ्यांचं काय?"

इथे मला 'डॉक्टरांना विचारू' असं म्हणता आलं असतं. पाच शब्दसुद्धा लागले नसते. मी म्हणाले, "गोळ्या मेंदूतल्या वेगळ्याच गोष्टीवर काम करतात दादा. मूळ कमतरता ही असेल, तर मग त्यांची गरज किती दिवस? तुला तर त्रासच होतोय."

आई मध्येच म्हणाली, "डाक्तरांनी सा महिने म्हनलं हुतं ना?"

"आई, ते जुन्या पद्धतीचं आहे," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तू शिकल्याली हायेस. तुला कळतंय त्ये आमाला कसं कळंल."

त्या वाक्यानंतर घरात कुणी काही विचारलं नाही. दादाच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मला अजून दिसतो. त्या दिवशी मला वाटलं, तो पावडरीमुळे खूश झालाय. खरं तर गोळ्या सुटणार म्हणून तो खूश झाला होता. तांदळाचा डबा सुटणार म्हणून. पावडरीचा डबा त्याने उघड, दिसेल असा फळीवर ठेवला. कुणी विचारलं तर सांगता येत होतं, ताकदीची आहे, खेळाडू घेतात.

पहिले पाच दिवस दिवसातून चार वेळा, मग रोज एकदा, असं प्रमाण मी खेळाडूंच्या अभ्यासातून काढलं होतं. गार पाण्यात ती नीट विरघळायची नाही, तळाला वाळूसारखी बसायची. म्हणून आई कोमट दुधातून द्यायची आणि पेला स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पाणी घालून पाजायची. गोळ्या त्याने एकदम बंद केल्या. तीन-चार दिवस त्याला मळमळलं, झोप चाळवली. मी म्हणाले, सवय सुटताना होतं तसं. मग तेही थांबलं. तोंडाचा कोरडेपणा गेला. पोट साफ व्हायला लागलं. दोन आठवड्यांत वजन दोन किलोने वाढलं. त्यातलं बरंचसं स्नायूंत धरलेलं पाणी होतं, हे मला ठाऊक होतं, पण दंड भरलेले दिसत होते आणि आई बघून हरखत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दादा मैदानावर मुलींबरोबर धावत होता. मी पुण्याला परतले आणि माझ्या गाइडबाईंना न सांगता एका वहीत तारखा घालून नोंदी ठेवायला लागले. झोप चांगली. भूक चांगली. उत्साह चांगला. मनात कुठेतरी असं होतं की, पुढेमागे यावर काहीतरी लिहिता येईल.

दादा त्या दिवसांत बरा होता, तो आधीच्या गोळ्यांनी बरा केलेला होता. पावसाळा संपल्यावरही काही दिवस विहिरीला पाणी असतं, तसं ते होतं. हे मला फार उशिरा कळलं.

जुलैच्या शेवटी त्याची पत्रं आखूड झाली. मग यायची बंद झाली. मी फोन केला तर एसटीडी बूथवाला म्हणायचा, सरांना निरोप दिलाय. माझ्या परीक्षा होत्या. मी आईला निरोप पाठवला की, पावडर रोज देत जा, थोडी वाढवली तरी चालेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या फोनवर बन्सीमामांचा आवाज आला. ते कधी फोन करत नसत.

"ताई, तुमी या. सरांनी राजीनामा देऊन टाकलाय."

"कधी?"

"आज धा दिस झाले. मला आजच कळालं. हेडसरांनी संस्थेला धाडला, संस्थेनी लगीच मंजूर केला. नोटिशीचं बी इचारलं न्हाई. त्या जागंवर त्येंचा मानूस तयारच बसला हुता."

"दादा काय म्हणतो?"

"काय म्हनत न्हाई ताई. त्येच तर हाय."

मी संध्याकाळी घरी पोचले. दादा आतल्या खोलीत बसला होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मी समोर बसले तरी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दादा, राजीनामा का दिलास?"

त्याचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "मुलींचं नुकसान होत होतं. माझ्यासारख्याने पगार घेणं बरोबर नाही."

"तू आजारी आहेस म्हणून तुला असं वाटतंय."

"नाही. आजार होता तेव्हा गोळ्यांनी गेला. आता औषध चालू आहे तरी असं आहे, म्हणजे हा आजार नाही. मीच असा आहे." त्याने फळीकडे बोट केलं. "तू आणलेलं रोज घेतोय. एक दिवस चुकवलं नाही."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मला अजून शब्द सापडत नाहीत. पावडरीने त्याला अपाय केला नव्हता. पण मी त्याला सांगितलं होतं की हेच खरं औषध आहे. आणि खऱ्या औषधानेही आपण बरे होत नाही, असा अर्थ त्याने लावला होता. त्याच्या जागी कुणीही तोच लावला असता.

आईने मला चुलीपाशी बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की ती चार दिवस झोपलेली नाही. दादा पहाटे उठून मागच्या विहिरीकडे जाऊन उभा राहतो. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहते. दोघं काही बोलत नाहीत, मग परत येतात.

सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही नगरला निघालो. बन्सीमामा बरोबर आले. मी निबंधांच्या प्रती पिशवीत घातल्या होत्या. कशाला, ते आता सांगता येणार नाही.

डॉक्टर तांबोळींनी दादाशी एकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, "ॲडमिट करावं लागेल. मरणाचे विचार आहेत, आणि ते नुसते विचार राहिलेले नाहीत. मी सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. ते बरं झालं." मग मला विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?"

"मे महिन्यात."

"कुणी सांगितलं?"

मी खाली पाहिलं. "त्याला त्रास होत होता," एवढंच म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. पुढच्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. कागद समोर होता.

"यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. फार नाही, पण आहे. खाणंपिणं कमी झालंय, त्यामुळेही असेल. पण मला मूत्रपिंडाची काळजी वाटते. औषध ठरवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं म्हणतो. घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास?"

क्रिएटिनचं शरीरात जे रूपांतर होतं तेच क्रिएटिनिन. बाहेरून क्रिएटिन घेतलं की रक्तात ते थोडं वाढू शकतं, मूत्रपिंड धडधाकट असलं तरी. आणि दादा क्रिएटिन घेतोय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर दादाला आणखी तपासण्यांना फिरवलं असतं आणि औषध लांबलं असतं.

मी सगळं सांगितलं. पिशवीतून निबंध काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटत खरंच वाचलं. मी उभी होते. ते बसा म्हणाले तेव्हा बसले.

"हे काम चांगलं आहे," ते म्हणाले. "मी पाहिलेलं नव्हतं. पण यात काय आहे ते तुम्हीच मला सांगा."

"आजाऱ्यांच्या मेंदूत फॉस्फोक्रिएटिन कमी आहे."

"बरं. तापाच्या माणसाचं वजन उतरतं. काट्यावर वजन कमी दिसलं म्हणून त्याला तूप-साखर चारली, तर ताप उतरेल?"

"नाही."

"कदाचित थोडी शक्ती येईलही. ताप उतरेल का?"

त्यांनी पुढचं पान उघडलं.

"दुसरं. तोंडाने घेतलेलं स्नायूंत जातं हे खेळाडूंत दिसलंय. मेंदूत किती जातं?"

"मेंदू बराचसा आपला आपणच बनवतो. रक्तातून आत जायला अडथळा आहे. किती जातं ते... नीट माहीत नाही."

"आणि आतापर्यंत उदासीनतेच्या किती रुग्णांना हे देऊन पाहिलंय? निम्म्यांना हे, निम्म्यांना नुसतं पीठ, आणि कुणाला काय दिलंय ते कुणालाच माहीत नाही, अशा पद्धतीने?"

"कुणालाच नाही. मला तरी सापडलं नाही."

"तर मग पंकज भिंगारदिवे पहिले," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी कागद नीट जुळवून माझ्याकडे सरकवले. "उद्या यातून काही निघेलही. निघालं तर मी स्वतः लिहून देईन, चांगल्या औषधाला जोड म्हणून. ही पावडर काही वाईट नाही. तुम्ही काय दिलंत त्याने नुकसान झालं नाही. काय काढून घेतलंत त्याने झालं."

मग त्यांनी विचारलं, "त्यांना गोळ्यांचा नेमका काय त्रास होता?"

मी सांगितलं. तोंड कोरडं, शौचाला न होणं, घाम.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मला कुणी सांगितलंच नाही. दर वेळी विचारलं की ते म्हणायचे, ठीक आहे. मी गोळी बदलली असती. आता दुसऱ्या जातीच्या गोळ्या मिळतात, त्यात हे फार कमी असतं. एक कार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं, वृषाली."

माझं नाव त्यांच्या लक्षात होतं. मी पहिल्या भेटीत दादाबरोबर गेले होते तेव्हा त्याने ओळख करून दिली होती, 'ही माझी बहीण, शास्त्रज्ञ होणार आहे.'

दादाला तिथे बारा दिवस ठेवलं. पावडर बंद केली, पाणी भरपूर पाजलं, आठवड्याने क्रिएटिनिन पुन्हा तपासलं तर ते ठीक निघालं. फ्लुऑक्सेटिन ही दुसऱ्या जातीची गोळी सुरू केली. आई त्याच्या खाटेजवळ जमिनीवर झोपायची. मी तिला एकदा म्हणाले, "आई, माझ्यामुळे झालं हे."

ती दादाच्या पायांवर चादर ओढत होती. "मी बी इचारलंच की तवा, सा महिने म्हनलं हुतं म्हनून," ती म्हणाली. "इचारलं आन् गप बसले. माझीबी चूक हाय."

मला तिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर दादा एकदा सकाळी सात वाजेपर्यंत झोपला. आई दारात उभी राहून बघत होती, त्याला उठवू की नको या विचारात. नोव्हेंबरमध्ये तो बन्सीमामांबरोबर बाजारात गेला. डिसेंबरमध्ये पुरता सावरला. आणि पुरता सावरल्यावर त्याला कळलं की आपण काय केलंय.

तो संस्थेच्या कार्यालयात गेला. आजारपणाचं सर्टिफिकेट नेलं. राजीनामा आजारात दिलेला आहे, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं होतं. कार्यालयातल्या लोकांनी ते वाचलं आणि 'डोक्याचं' असं एकमेकांना म्हणत परत केलं. आता जागा भरली आहे आणि अशा माणसाकडे मुली कशा द्यायच्या, असंही एक जण म्हणाला. दादाने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज सरळ होता. "त्याने ते म्हणायला नको होतं," एवढंच तो म्हणाला. वकील करू या, मी म्हणाले. तो नको म्हणाला. दोन वर्षं तारखा करण्याची आता ताकद नाही, म्हणाला, आणि ते खरं होतं.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये त्याला जामखेडकडच्या एका आश्रमशाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली. तिथे मैदान नव्हतं, मुरमाड माळ होता. दादाने आणि पोरांनी दगड वेचून एक चौकोन साफ केला. दर वर्षी नेमणूक नव्याने व्हायची, एखाद्या वर्षी व्हायचीही नाही. आधीची नोकरी पक्की होती, पेन्शनची होती. एकोणतीस वर्षांचा असताना त्याच्या आयुष्यातून ती गेली ती गेली.

मी एम.एस्सी. पूर्ण केली. ती वही, तारखा घातलेली, मी गाइडबाईंना दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "एका माणसाची नोंद, तीही बहिणीने ठेवलेली," त्या म्हणाल्या. "यातून काय कळतं? तुला हवं तेच कळतं."

पुढे बऱ्याच वर्षांनी कोणीतरी तो प्रयोग नीट केला. आजारी बायकांना गोळी सगळ्यांना दिली, आणि तिच्या जोडीला निम्म्यांना क्रिएटिन. जोड मिळालेल्या बायकांना लवकर उतार पडला, असं दिसलं. छोटा प्रयोग होता, पन्नासेक बायकांचा. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत इतका फरक दिसला नाही. अजून नक्की काही सांगता येत नाही. मी तो निबंध वाचला तेव्हा मला आनंद झाला नाही, की मी बरोबर होते असंही वाटलं नाही. त्या निबंधात कुणाचीही गोळी काढून घेतलेली नव्हती, हेच मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन परत येत होतो. आजार दुसऱ्यांदा आला म्हणून या वेळी निदान दोन वर्षं गोळी, असं ते म्हणाले होते. दादाने वहीत लिहून घेतलं होतं, आणि कसला त्रास होतोय तेही लिहून नेलं होतं: सकाळी थोडी मळमळ. डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितली, संपलं.

गाडी वाटेतल्या एका स्टँडवर बराच वेळ थांबली. दादाने भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेतली, निम्म्या मला दिल्या.

"तू अजून ते धरून बसलीयस," तो म्हणाला.

मी एक शेंग फोडली.

"तू मला बरं करायला बघत होतीस वृषे. दुसरं काय?"

हे वाक्य मी वर्षभर मनात स्वतःला म्हणून पाहिलं होतं. ते दर वेळी अर्ध्यावर अडायचं.

"तुला बरं करायचं होतंच दादा," मी म्हणाले. "पण तू तर तेव्हा बराच होतास. गोळ्यांनी बरा झाला होतास. मला ते मी करून दाखवायचं होतं."

तो शेंगा सोलत राहिला. टरफलं पुडीच्या कागदात नीट जमा करत होता. कंडक्टर चढला, त्याने दोरी ओढली. गाडी हलली तेव्हा दादा म्हणाला, "एवढं खरं डॉक्टरांना सांगितलंस का?"

"नाही. तुलाच पहिल्यांदा."

"बरं," तो म्हणाला.

तो 'काही हरकत नाही' म्हणाला नाही. माझा भाऊ खोटं बोलत नसे. जरा वेळाने त्याने खिडकीची काच लावून घेतली, वारा माझ्या तोंडावर येत होता म्हणून, आणि मिरजगाव येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर बघत बसलो.